स्टेपवाइज रिग्रेशन म्हणजे काय? संशोधनातले ‘महत्त्वाचे घटक’ कधीकधी नुसत्या योगायोगातून कसे तयार होतात?

‘संशोधनात सिद्ध झालं, अमुक आजारामागे ही पाच कारणं’ अशी पोस्ट तुमच्याही फीडमध्ये कधी ना कधी आली असेल. पोस्टखाली मूळ शोधनिबंधाची लिंक असते आणि ती सहसा कुणी उघडत नाही. उघडलीच, तर ‘पद्धती’ नावाच्या भागात एक ओळ शोधा. ‘स्टेपवाइज रिग्रेशनने महत्त्वाचे घटक निवडले’ अशा अर्थाचं काही लिहिलेलं असेल, तर त्या पाच कारणांकडे जरा सावधपणे बघायला हवं. का, ते या लेखात समजून घेऊ. तुम्ही स्वतः प्रबंध लिहीत असाल, तर ही ओळ न वापरता घटक कसे निवडायचे आणि ते कसं लिहायचं, तेही पाहू.

आधी रिग्रेशन म्हणजे काय?

एखाद्या गोष्टीवर अनेक घटकांचा एकाच वेळी परिणाम होत असतो. बाळाचं जन्मवजन घ्या. आईचं वय, तिचं वजन, तिला असलेले आजार, ती सिगारेट ओढते का, या सगळ्यांचा त्यावर परिणाम होऊ शकतो. बाकीचे घटक सारखे धरले तर यातल्या एका घटकामुळे किती ग्रॅमचा फरक पडतो, याचा अंदाज रिग्रेशन देतं. ज्याचा अंदाज करायचा ते जन्मवजन म्हणजे ‘आउटकम’. ज्यांच्यावरून अंदाज करायचा ते घटक म्हणजे ‘प्रेडिक्टर’.

प्रत्येक प्रेडिक्टरसमोर संगणक एक पी-व्हॅल्यू छापतो. त्या घटकाचा खरं तर काहीच संबंध नसेल, तर निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, हे हा आकडा सांगतो. तो ०.०५ च्या खाली आला की घटक ‘सिग्निफिकंट’ म्हणायचा, अशी रीत आहे. म्हणजेच काहीही संबंध नसलेले शंभर घटक एकेक करून तपासले, तर त्यातले सरासरी पाच या चाळणीतून पार होणारच. त्यात कुणाची लबाडी नसते, चाळणीची भोकंच तेवढी आहेत.

मग स्टेपवाइज काय करतं?

तुमच्याकडे पन्नास संभाव्य प्रेडिक्टर आहेत आणि कुठले ठेवायचे ते कळत नाही. मग काम सॉफ्टवेअरवर सोपवता येतं. ते पन्नासही घटक तपासतं आणि ज्याची पी-व्हॅल्यू सगळ्यात कमी त्याला आत घेतं. उरलेल्या एकोणपन्नासांतून पुन्हा सगळ्यात चांगला उचलतं. कुणीच अटीत बसेनासं झालं की थांबतं. याला फॉरवर्ड पद्धत म्हणतात. सगळे घटक आत घेऊन एकेक कच्चा बाहेर काढत गेलं तर ती बॅकवर्ड पद्धत. घेणं आणि काढणं दोन्ही आलटून पालटून केलं की स्टेपवाइज. काही सॉफ्टवेअर पी-व्हॅल्यूऐवजी एआयसी नावाचा निकष वापरतात, पण निवड तिथेही त्याच डेटात शोधून केलेली असते.

शेवटी हातात एक सुटसुटीत तक्ता येतो. सात-आठ घटक, प्रत्येकासमोर ०.०३, ०.०१ असे आकडे. गोम अशी आहे की हे आकडे जणू आपण सुरुवातीपासून हेच आठ घटक ठरवून आलो होतो, असं समजून काढलेले असतात. त्याआधी बेचाळीस घटक नापास करून टाकले, याचा हिशेब त्यात कुठेच नसतो.

फक्त पहिल्याच पायरीचा हिशेब करून बघा. पन्नास घटक आहेत, एकाचाही संबंध नाही, आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. एक घटक चाळणीतून पार न होण्याची शक्यता ०.९५. पन्नासही पार न होण्याची शक्यता म्हणजे ०.९५ स्वतःशी पन्नास वेळा गुणायचं. उत्तर येतं सुमारे ०.०८. याचा अर्थ, निदान एक तरी घटक ‘सिग्निफिकंट’ दिसण्याची शक्यता ९२ टक्के. स्टेपवाइज नेमका तोच घटक सगळ्यात आधी उचलतं. तक्त्यात मात्र त्याच्यासमोर ‘चूक होण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी’ अशा थाटाचा आकडा छापून येतो.

फ्रीडमन यांचा १९८३ चा प्रयोग

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड फ्रीडमन यांनी १९८३ मध्ये ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’ या नियतकालिकात एक छोटं टिपण लिहिलं. त्यांनी संगणकाकडून निव्वळ यादृच्छिक आकडे तयार करून घेतले. ओळी १००, प्रेडिक्टर ५० आणि एक आउटकम. कशाचाही कशाशी संबंध नाही, कारण सगळेच आकडे संगणकाने आपल्या मर्जीने फेकलेले होते.

पहिल्या फेरीत त्यांनी पन्नासही प्रेडिक्टर घालून रिग्रेशन केलं. ५ टक्क्यांच्या पातळीवर फक्त एक घटक सिग्निफिकंट आला. पूर्ण मॉडेलची पी-व्हॅल्यू ०.५३ आली, म्हणजे इथे काही नाही, असंच उत्तर मिळालं. इथपर्यंत पद्धतीने खरं तेच सांगितलं.

मग त्यांनी अनेक संशोधक करतात ते केलं. पहिल्या फेरीत २५ टक्क्यांच्या सैल चाळणीतून पार झालेले १५ घटक ठेवले, बाकीचे टाकून दिले आणि पुन्हा रिग्रेशन चालवलं. आता त्या पंधरांपैकी सहा घटक ५ टक्क्यांच्या पातळीवर सिग्निफिकंट झाले आणि पूर्ण मॉडेलची पी-व्हॅल्यू ०.०००५ वर आली. आकडे तेच होते. फक्त निरुपयोगी ठरलेले घटक मधून काढून टाकले आणि काढले याची नोंद गणितात ठेवली नाही, एवढ्याने कचऱ्यातून ‘शोध’ लागला.

विश्वास बसत नसेल तर हे घरी करून बघता येतं. आर हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात एवढ्या ओळी पुरतात:

```r
set.seed(1)
d <- data.frame(y = rnorm(100), matrix(rnorm(5000), 100))
p <- summary(lm(y ~ ., data = d))$coefficients[-1, 4]
k <- names(p)[p < 0.25]
summary(lm(reformulate(k, "y"), data = d))
```

`set.seed` मधला आकडा बदलून आठ-दहा वेळा चालवा. दर वेळी वेगळे घटक ‘महत्त्वाचे’ निघतील. ही पद्धत शोध लावत नाहीये, हे ओळखायची खूण हीच.

खऱ्या डेटावरही हे दिसलेलं आहे. कॅनडाच्या पीटर ऑस्टिन आणि जॅक टू यांनी २००४ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांच्या माहितीवर हा प्रश्न तपासला. मूळ नोंदींतूनच पुन्हापुन्हा नमुने उचलून त्यांनी १००० संच तयार केले (याला बूटस्ट्रॅप म्हणतात) आणि प्रत्येक संचावर बॅकवर्ड पद्धत चालवली. त्यातून ९४० वेगवेगळी मॉडेल निघाली. सगळ्या संचांत न चुकता टिकलेले घटक फक्त तीन होते. आता विचार करा, संशोधकाकडे प्रत्यक्षात एकच संच असतो आणि त्यातून निघालेलं एकच मॉडेल तो छापतो. बाकीची ९३९ आपल्याला दिसतच नाहीत.

घटक निवडायचे तरी कसे? एक खरं उदाहरण

आर सोबत येणाऱ्या `MASS` या पॅकेजमध्ये `birthwt` नावाचा जुना डेटा आहे. १९८६ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्डच्या बेस्टेट मेडिकल सेंटरमध्ये झालेल्या १८९ जन्मांच्या नोंदी त्यात आहेत. संख्याशास्त्राच्या वर्गात स्टेपवाइज शिकवायला हा डेटा सर्रास वापरतात, म्हणून तोच घेऊ. आपला प्रश्न: गरोदरपणात सिगारेट ओढल्याने बाळाचं वजन किती कमी होतं?

सरळ सरासरी काढली तर न ओढणाऱ्या ११५ जणींच्या बाळांचं वजन ३०५६ ग्रॅम आणि ओढणाऱ्या ७४ जणींच्या बाळांचं २७७२ ग्रॅम. फरक २८४ ग्रॅम. पण इथेच थांबलो तर उत्तर चुकतं. या नोंदींत आईचा वंश लिहिलेला आहे. गोऱ्या ९६ आयांपैकी ५२ सिगारेट ओढत होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. बाकीच्या ९३ जणींपैकी फक्त २२. आणि गोऱ्या आयांच्या बाळांचं सरासरी वजन सगळ्यात जास्त, ३१०३ ग्रॅम. थोडक्यात, मुळात जास्त वजनाची बाळं असलेल्या गटातच धूम्रपान जास्त होतं, त्यामुळे सिगारेटचं नुकसान थोडं झाकलं गेलं. वंश मॉडेलमध्ये घातला की फरक २८४ वरून सुमारे ४२९ ग्रॅमवर जातो. (वंश ही काही जैविक जादू नव्हे. त्यामागे उत्पन्न, आहार, दवाखान्याची सोय असं बरंच काही दडलेलं असतं, जे या डेटात नोंदलेलं नाही.)

धूम्रपान आणि जन्मवजन या दोन्हींशी संबंध असलेल्या अशा घटकाला कन्फाउंडर म्हणतात. तो मॉडेलमध्ये हवाच. पी-व्हॅल्यू कितीही असो, त्याचं तिथे असणं आपल्या विषयज्ञानावरून ठरतं.

आता उलट बाजू बघा. याच डेटात `ui` नावाचा घटक आहे, गर्भाशय वारंवार आकुंचन पावण्याचा त्रास होता की नाही याची नोंद. आठही घटक देऊन एआयसीवर चालणारं बॅकवर्ड स्टेपवाइज चालवलं तर ते आईचं वय, आधीच्या मुदतपूर्व कळांची संख्या आणि पहिल्या तिमाहीतल्या डॉक्टरभेटी हे तीन घटक बाहेर काढतं. `ui` मात्र ठेवतं, कारण त्याच्यासमोरचा आकडा दणदणीत आहे, पाचशे ग्रॅमहून जास्त फरक. प्रश्न असा की हा त्रास गरोदरपणातच होतो. सिगारेटमुळे हा त्रास होत असेल आणि त्रासामुळे वजन घटत असेल, तर `ui` ही सिगारेटपासून वजनापर्यंतच्या वाटेवरची एक पायरी झाली. ती ‘सारखी धरली’ की सिगारेटच्या एकूण परिणामातला तो तुकडा आपणच कापून टाकतो. आठही घटक घातलेल्या मॉडेलमध्ये सिगारेटचा आकडा ४२९ वरून सुमारे ३५२ वर येतो. त्यातला किती भाग असा कापला गेला, हे पी-व्हॅल्यू सांगू शकत नाही. कन्फाउंडर आणि वाटेवरची पायरी, दोन्हींची पी-व्हॅल्यू सारखीच देखणी असू शकते. सॉफ्टवेअरला फरक कळत नाही, कारण तो फरक डेटात नसतोच. काय आधी घडलं आणि काय नंतर, हे संशोधकालाच माहीत असतं.

आपण काय करायचं? कागदावर बाण काढायचे. सिगारेट ओढायला सुरुवात होण्याआधी किंवा गरोदरपणाआधी ठरलेलं काय, ज्याचा दोन्हींशी संबंध असू शकतो? आईचं वय, वंश, गरोदरपणाआधीचं वजन. हे तीन आत. `ui` बाहेर, कारण तो नंतरचा. आधीच्या मुदतपूर्व कळांचं प्रकरण वादाचं आहे. आई आधीच्या गरोदरपणातही सिगारेट ओढत असेल तर त्या कळाही सिगारेटच्याच असू शकतात. असा घटक मुख्य मॉडेलबाहेर ठेवून, घातल्यावर काय होतं ते वेगळं सांगणं मला जास्त पटतं.

```r
library(MASS)
m <- lm(bwt ~ smoke + factor(race) + age + lwt, data = birthwt)
summary(m); confint(m)
```

`factor(race)` लिहायला विसरू नका. वंशाचे संकेत १, २, ३ असे आहेत. नुसतं `race` लिहिलं तर संगणक त्यांना मोजमाप समजतो.

किती घटक परवडतात, हेही डेटा बघण्याआधीच ठरतं. ढोबळ नियम असा की मोजायच्या प्रत्येक आकड्यामागे निदान दहा-वीस नोंदी हव्यात. इथे १८९ नोंदी आणि पाच आकडे (वंशाचे तीन गट म्हणून त्याचे दोन), तेव्हा अडचण नाही. पण आउटकम ‘वजन अडीच किलोच्या खाली, हो की नाही’ असा घेतला तर मोजायच्या असतात त्या नोंदी १८९ नव्हेत. कमी वजनाची बाळं फक्त ५९ होती, हिशेब त्यांच्यावर करायचा. प्रबंधांत हा मुद्दा फार वेळा निसटतो.

‘पद्धती’ आणि ‘निष्कर्ष’ या भागांत काय लिहायचं?

‘पद्धती’ भागात कुठले घटक, का, आणि कधी ठरवले, हे आलं पाहिजे. आपल्या उदाहरणात ते असं लिहिता येईल:

‘गरोदरपणातील धूम्रपानाचा जन्मवजनावरील एकूण परिणाम मोजणे हा उद्देश होता. आईचे वय, वंश आणि गरोदरपणापूर्वीचे वजन हे घटक धूम्रपान व जन्मवजन या दोन्हींशी संबंधित असू शकतात, म्हणून विश्लेषणापूर्वीच ते निवडले आणि पी-व्हॅल्यू काहीही आली तरी मॉडेलमध्ये ठेवले. गर्भाशयाचे वारंवार आकुंचन हा धूम्रपानाचा परिणाम असू शकतो, म्हणून तो मुख्य मॉडेलमध्ये घेतला नाही. सर्व नोंदलेले घटक घेतलेले मॉडेल तुलनेसाठी दिले आहे.’

‘निष्कर्ष’ भागात मग हे यावं:

‘धूम्रपान करणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी २८४ ग्रॅमने कमी होते. वय, वंश व वजन विचारात घेतल्यावर हा फरक सुमारे ४०० ग्रॅम आला (९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल साधारण १९० ते ६१५ ग्रॅम). सर्व घटक घेतल्यावर तो सुमारे ३५२ ग्रॅम होता.’

यात आईच्या वयाच्या पी-व्हॅल्यूवर एक अक्षरही नाही, हे लक्षात आलं का? वय इथे हिशेब सरळ करायला घेतलंय, त्यावर शोध लावायला नाही. तक्त्यात ते दिसेल, सिग्निफिकंट नसलं तरी दिसेल. पण ‘वयाचा परिणाम नाही’ असं त्यावरून म्हणायचं नाही.

नाव न घेता केलेलं स्टेपवाइज

हल्ली ‘स्टेपवाइज’ शब्द टाळून तीच गोष्ट दुसऱ्या नावाने केलेली बरीच दिसते. वैद्यकीय प्रबंधांत तर हे वाक्य जणू छापील आहे: ‘एकेका घटकाच्या विश्लेषणात पी-व्हॅल्यू ०.२ च्या खाली आलेले घटक अंतिम मॉडेलमध्ये घेतले.’ हा फ्रीडमन यांच्या दोन फेऱ्यांचाच भाऊ. आपल्या डेटात वय एकटं तपासलं तर त्याची पी-व्हॅल्यू सुमारे ०.२२ येते. म्हणजे केसभराने नापास. आईचं वय मॉडेलमध्ये हवं की नको, याचा निर्णय ०.२० आणि ०.२२ मधल्या फरकावर सोडणं कुठल्याही प्रसूतितज्ज्ञाला पटणार नाही.

वाचक म्हणून हे ओळखायचं तर दोन आकडे शोधा: सुरुवातीला किती घटक तपासले आणि शेवटी किती छापले. पहिला आकडा कुठेच नसेल आणि अंतिम तक्त्यात एकूण एक घटक ०.०५ च्या खाली असेल, तर निवड डेटानेच केली असण्याची शक्यता दाट आहे. विषयज्ञानाने घटक निवडणाऱ्याच्या तक्त्यात एखाद-दुसरा ०.४, ०.७ हमखास सापडतो.

मग ही निवड कधीच करायची नाही का?

उद्देश फक्त अंदाज बांधण्याचा असेल, म्हणजे ‘कशामुळे’ याच्याशी देणंघेणं नसेल आणि ‘पुढच्या रुग्णाचं काय होईल’ एवढंच हवं असेल, तर डेटावरून निवड चालते. तिथेही स्टेपवाइजपेक्षा लॅसो नावाची पद्धत बरी मानतात, कारण ती घटक गाळतानाच उरलेल्यांचे फुगलेले आकडे आवळून धरते. अट एवढीच की मॉडेल किती बरोबर आहे हे निवडीत न वापरलेल्या नोंदींवर तपासायचं. बूटस्ट्रॅप किंवा क्रॉस-व्हॅलिडेशन करत असाल तर घटक निवडण्याची पायरीसुद्धा प्रत्येक वेळी नव्याने करायची. आधी सगळ्या डेटावर घटक निवडले आणि मग फक्त अंतिम मॉडेल तपासलं, तर यादृच्छिक आकड्यांतूनही उत्तम ‘अचूकता’ मिळते. आणि लॅसोने निवडलेले घटक साध्या रिग्रेशनमध्ये घालून त्यांच्या पी-व्हॅल्यू छापल्या, तर गाडी पुन्हा फ्रीडमन यांच्या दुसऱ्या फेरीत येऊन थांबते.

मार्गदर्शक किंवा परीक्षक स्टेपवाइजचाच आग्रह धरत असतील, तर आधी ठरवलेलं मॉडेल मुख्य तक्त्यात ठेवा आणि स्टेपवाइजचं परिशिष्टात द्या. त्यासोबत किती घटकांतून निवड झाली, आत-बाहेर करण्याची अट काय होती, आणि बूटस्ट्रॅपच्या किती टक्के संचांत प्रत्येक घटक टिकला, हे तीन आकडे लिहा.